एका बेसचे दोन आवाज

बेस गिटारची सर्वांत जाड, म्हणजे ई तार मोकळी छेडली की ती सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला हा खर्ज झेपत नाही. तिथून ४१ हर्ट्झचं जवळजवळ काहीच बाहेर पडत नाही. तरीही मोबाइलवर गाणं ऐकताना बेस कोणता सूर वाजवतोय हे आपल्याला कळतं. तारेतून मूळ सुराबरोबर त्याच्या दुपटीचे, तिपटीचे, चौपटीचे उपस्वरही निघत असतात: ८२, १२३, १६५ हर्ट्झ आणि त्याच्या वर आणखी. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, तो याच साखळीतला पाचवा. कान हे उपस्वर ऐकतो आणि त्यांच्यामधल्या अंतरांवरून मूळ सूर स्वतःच उभा करतो.

बेस रेकॉर्ड करताना आणि मिक्स करताना ही गोष्ट सतत कामाला येते. वादक आणि निर्माता दोघंही साधारणपणे दोनच मागण्या करतात. प्रत्येक सूर स्वच्छ कळला पाहिजे आणि आवाजाला वजन पाहिजे. वजन म्हटलं की अनेकांचा हात खर्जाच्या बटणाकडे जातो. माझा अनुभव असा की ऐकणाऱ्याला ज्याचं वजन वाटतं त्याचा मोठा भाग त्याहून वर, ८० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. पहिले तीन-चार उपस्वर तिथेच राहतात. हा पट्टा भरीव असेल तर बेस मोठा वाटतो आणि तो पोकळ झाला तर खर्ज कितीही वाढवला तरी नुसती खिडक्यांची तावदानं थरथरतात.

बेसचा आवाज पकडायच्या वाटा मुळात दोन. पहिली थेट वाट. गिटारच्या पिकअपमधून निघणारा विद्युत संदेश डीआय नावाच्या छोट्या डबीतून सरळ मिक्सरकडे न्यायचा. साध्या, बॅटरी नसलेल्या बेसचा संदेश नाजूक असतो. तो लांब वायरीतून किंवा चुकीच्या इनपुटमधून नेला तर वरचा टवटवीतपणा हरवतो. डीआय त्याला मिक्सरला पेलेल अशा रूपात आणते आणि वाटेत शिरणारी खरखर कमी करते. या वाटेने बोटाचा तारेला झालेला स्पर्श, सूर कधी सुरू झाला, कधी थांबला, हे सगळं लख्ख ऐकू येतं. खर्जही पूर्ण मिळतो, कारण मध्ये कुठलाच स्पीकर नसतो.

दुसरी वाट अँपची. अँप जोरात वाजला की आतले व्हॉल्व्ह किंवा ट्रान्झिस्टर संदेशाला थोडं दाबतात, थोडं वाकवतात आणि त्यातून नवे उपस्वर जन्माला येतात. मग स्पीकरचा कागदी कोन हवा ढकलतो आणि समोरचा माईक ती हवा ऐकतो. गंमत अशी की खर्जाच्या बाबतीत अँप बऱ्याचदा डीआयपेक्षा दुबळा असतो. अँपेगचा एसव्हीटी हा १९६९ सालचा ३०० वॅटचा अँप आणि त्याच्याबरोबरचं दहा-दहा इंचांच्या आठ स्पीकरचं बंद कॅबिनेट म्हणजे रॉक संगीतातल्या भल्यामोठ्या बेसची खूणच. पण त्या कॅबिनेटचा आवाज ६० हर्ट्झच्या खाली उतरणीला लागतो. ट्वीटर नसलेली अशी कॅबिनेट वरच्या बाजूलाही काही हजार हर्ट्झनंतर गप्प होतात. मधला पट्टा मात्र ती दाटपणे भरतात आणि बेसचं वजन तिथेच असतं. थोडक्यात, स्पष्टता आणि खोल खर्ज डीआयकडे, तर अंग आणि गुरगुर अँपकडे.

डेट्रॉइटमध्ये मोटाउन कंपनीच्या छोट्याशा स्टुडिओत जेम्स जेमरसन यांचा फेंडर प्रिसिजन बेस १९६०च्या दशकात थेट मिक्सरमध्ये जायचा. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत त्याच काळात माईकवर भिस्त होती. पॉल मॅकार्टनी यांच्या बेसला आणखी भरीव करण्यासाठी १९६६ मध्ये ‘पेपरबॅक रायटर’च्या वेळी जेफ एमरिक यांनी अँपसमोर माईकऐवजी चक्क एक स्पीकर उलटा वापरला, म्हणजे त्याच्याकडून माईकचं काम करून घेतलं. पुढे तिथेही केन टाउनसेंड यांनी बेससाठी थेट जोडणीची डबी बनवली. दोन्ही वाटा जाणत्यांनी वापरल्या आणि दोन्हींतून उत्तम बेस निघाले. मग दोन्ही एकदमच का घेऊ नयेत, हा विचार ओघानेच येतो.

घ्यायला काहीच अडचण नाही. डीआयच्या डबीला इनपुटशेजारी थ्रू नावाचा दुसरा जॅक असतो. बेस डबीत, डबीतून एक वायर मिक्सरला, थ्रूमधून दुसरी अँपला, अँपसमोर माईक. दोन चॅनल तयार. डीआय एकटा ऐकला तर छान, माईक एकटा ऐकला तर छान, आणि दोन्ही फेडर वर केले की बेस एकदम बारीक होतो. नव्या लोकांना हे कोडं पडतं. दोन चांगले आवाज मिळून एक वाईट आवाज कसा झाला?

उत्तर आहे वेळेत. वायरीतून जाणारा संदेश मिक्सरपर्यंत क्षणार्धात पोचतो. स्पीकरमधून निघालेला आवाज मात्र हवेतून चालत माईकपर्यंत जातो आणि हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर असतो. माईक स्पीकरपासून ३४ सेंटिमीटरवर, म्हणजे फुटापेक्षा जरा लांब असेल, तर तो आवाज एक मिलिसेकंद उशिरा येतो. सेकंदाचा हजारावा भाग. एवढा उशीर कानाला उशीर म्हणून कळतच नाही. पण दोन्ही आवाज एकत्र केले की कळतो. झोक्याला दोघांनी ढकलायचं ठरवलं आणि एक जण झोका पुढे जाताना ढकलतो तर दुसरा त्याच क्षणी मागे ओढतो, असं झालं तर झोका जागीच थांबेल. ५०० हर्ट्झच्या लहरीला एक पूर्ण फेरी घ्यायला दोन मिलिसेकंद लागतात. त्यामुळे एक मिलिसेकंद उशिरा आलेली तीच लहर बरोबर उलट्या दिशेला असते. दोन्ही चॅनल सारख्या ताकदीचे असतील तर ५०० हर्ट्झ पुसले जातात. मग १५००, मग २५००. मध्ये १००० आणि २००० हर्ट्झवर ते एकमेकांना जोर देतात. खाली ४१ किंवा ५५ हर्ट्झची लहर एवढी लांब असते की मिलिसेकंदाचा फरक तिला जाणवत नाही. म्हणजे खर्ज शाबूत राहतो आणि मधल्या पट्ट्यात कंगव्याच्या दातांसारख्या फटी पडतात. अभियंते याला कोंब फिल्टरिंगच म्हणतात.

आता माईक एक मीटर मागे न्या. अनेकांना वाटतं की माईक लांब ठेवला तर आवाज मोठा होईल. उशीर होतो साधारण २.९ मिलिसेकंद आणि पहिली फट येते १७२ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे ऐन वजनाच्या पट्ट्यात. वादकाने डी तारेवरच्या तिसऱ्या फ्रेटचा एफ वाजवला असं समजू. त्याचा मूळ सूर ८७ हर्ट्झ, दुपटीचा उपस्वर १७५. हा दुपटीचा उपस्वर जवळजवळ पूर्ण नाहीसा होतो आणि मूळ सुराचाही जोर घटतो. त्यानंतर मोकळी ई वाजवली, तर तिचे ४१ आणि ८२ बहुतांशी टिकून राहतात. परिणाम असा की ई धष्टपुष्ट आणि एफ पोकळ. वादकाने दोन्ही सूर सारख्याच जोराने वाजवलेले असतात, पण ऐकणाऱ्याला वाटतं त्याचा हात समान नाही. मग कुणीतरी कंप्रेसर लावून ते सपाट करायला जातं आणि रोग तसाच राहतो.

हा दोष ओळखायची खूण याच उदाहरणात आहे. एकट्या डीआयमध्ये सूर समान वाटत असतील, एकट्या माईकमध्येही समान वाटत असतील आणि फक्त दोन्ही एकत्र केल्यावर काही सूर खड्ड्यात जात असतील, तर दोष वादकाचा नाही, खोलीचा नाही, तो दोन चॅनलमधल्या वेळेचा आहे. वादकाला पुन्हा वाजवायला सांगण्याआधी एक-एक चॅनल बंद करून ऐकावं. या साध्या तपासणीने स्टुडिओतला बराच मनस्ताप वाचतो.

वेळेचं हे प्रकरण आणि पोलॅरिटी यांत लोक गल्लत करतात, म्हणून तेही वेगळं सांगतो. पोलॅरिटी उलटी असणं म्हणजे एका चॅनलमध्ये लहर वर जाते तेव्हा दुसऱ्यात ती खाली जाते. यात उशिराचा संबंध नसतो. वायरीत पिना उलट जोडल्या गेल्या असतील किंवा एखादा अँप मुळातच संदेश उलटवत असेल, तर हे घडतं. याचा फटका सर्वांत आधी खर्जाला बसतो. वरच्या उदाहरणात मिलिसेकंदाच्या उशिराने खर्ज शाबूत राहिला होता. तिथेच पोलॅरिटी उलटी असती तर ५५ हर्ट्झचा ए जवळपास गायब झाला असता. बहुतेक मिक्सरवर आणि डीआयच्या बऱ्याच डब्यांवरही यासाठी बटण असतं, शून्यावर तिरपी रेघ मारलेलं. दोन्ही चॅनल एकत्र ऐकत ते एकदा दाबायचं. ज्या स्थितीत तळ भरतो ती ठेवायची.

दुरुस्तीला मी माईकपासून सुरुवात करतो. तो स्पीकरच्या जाळीपासून पाच-सात सेंटिमीटरवर आणायचा. उशीर पाव मिलिसेकंदाच्या आसपास येतो आणि पहिली फट २००० हर्ट्झच्याही वर ढकलली जाते. तिथे अँपकडून आपल्याला फारसं काही नकोच असतं. शिवाय जमिनीवरून आणि भिंतीवरून परतणारा आवाज माईकच्या तुलनेने क्षीण होतो. कोनाच्या अगदी मध्यावर माईक रोखला तर आवाज टोकदार येतो, कडेकडे सरकवला तर मऊ. मध्य आणि कड यांच्या साधारण अधेमधे सुरुवात करावी. जवळ आणल्यावर बहुतेक दिशादर्शक माईक खर्ज फुगवतात हेही ध्यानात असू द्यावं. एकेजीचा डी ११२ बेसच्या अँपवर नेहमी दिसतो. इलेक्ट्रोव्हॉइसचा आरई २० मुद्दाम असा बनवलाय की जवळ नेल्यावरही खर्ज फारसा फुगू नये. गुबगुबीत वाजणाऱ्या कॅबिनेटसमोर मला तो जास्त पटतो.

उरलेला फरक संगणकावर काढायचा. कॅबिनेट आणि माईक बाजूला ठेवून आपण जुन्याच उदाहरणावर काम करू. गाणं रेकॉर्ड झालंय, माईक ३४ सेंटिमीटरवर होता, आता तो हलवता येणार नाही. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झवर असेल तर एका मिलिसेकंदात ४८ सॅम्पल बसतात. दोन्ही ट्रॅक मोठे करून एखाद्या सुराची सुरुवात पाहिली तर माईकची लहर डीआयच्या लहरीमागे साधारण तेवढीच दिसते. माईकचा ट्रॅक ४८ सॅम्पल अलीकडे सरकवायचा. पहिला अंदाज म्हणून डोळ्यांवर विसंबायला हरकत नाही, पण शेवटचा निर्णय कानाने घ्यावा. कॅबिनेट आणि अँपमधले फिल्टर वेगवेगळ्या सुरांना वेगवेगळा उशीर लावतात. त्यामुळे शिखराखाली शिखर आणलं तरी सगळ्या पट्ट्यांत जुळणी होईलच असं नाही.

कानाने जुळवायची एक जुनी, भरवशाची युक्ती आहे. दोन्ही ट्रॅक मोनोमध्ये सारख्या पातळीवर आणायचे. मग एकाची पोलॅरिटी मुद्दाम उलटी करायची. आता जितकी जुळणी चांगली तितकी दोघांची काटछाट जास्त, म्हणून आवाज तितका बारीक होणार. माईकचा ट्रॅक पाच-पाच, मग एक-एक सॅम्पलने मागे-पुढे सरकवत आवाज सर्वांत बारीक, सर्वांत क्षीण कुठे होतो ते शोधायचं. ती जागा सापडली की पोलॅरिटी पुन्हा सरळ करायची आणि बेस भरून येतो. सर्वांत भरीव जागा थेट शोधणं कानाला कठीण जातं, कारण भरीवपणाच्या शेजारशेजारच्या पायऱ्या सारख्याच वाटतात. आवाज नाहीसा होण्याचा बिंदू मात्र चटकन पकडता येतो. हे करताना एकच सूर न घेता खालचे, मधले, वरचे सूर असलेला तुकडा फिरवत राहावा. नाहीतर एका सुरासाठी जुळणी होते आणि बाकीचे तसेच राहतात.

इथपर्यंत आल्यावरही तळ सैल वाटत असेल तर कामाची वाटणी करावी. माईकच्या चॅनलवर १०० हर्ट्झच्या आसपास हळुवार हाय-पास फिल्टर लावून खोल खर्ज फक्त डीआयकडे सोपवायचा. मग खर्जात भांडायला दुसरं कुणी उरत नाही. मात्र हा फिल्टरही त्या पट्ट्यातल्या लहरींची वेळ थोडी हलवतो, म्हणून तो लावल्यावर पोलॅरिटीचं बटण पुन्हा एकदा दाबून पाहावं. कितीतरी वेळा फिल्टरनंतर उलटी स्थिती जास्त भरीव निघते. हा फिल्टर सवय म्हणून लावू नये असं मला ठामपणे वाटतं. अँपचा तळ घट्ट असेल आणि वेळ जुळली असेल तर दोघांनी मिळून उचललेला खर्ज एकट्या डीआयपेक्षा सरस लागतो.

फेडरचं प्रमाण ठरवताना बेस एकटा ऐकत बसू नये. बास ड्रम चालू ठेवून आधी डीआय वर आणावा, सूर आणि ठोका स्पष्ट कळेपर्यंत. मग अँपचा फेडर शून्यातून सावकाश चढवावा. अँप वाजतोय हे वेगळं कळायला लागलं की थोडं मागे यावं. मग तो चॅनल अचानक बंद करून पाहावा. बेस खुजा झाल्यासारखा वाटला तर प्रमाण बरोबर. अँप डीआयपेक्षा सहा डेसिबल खाली, म्हणजे अर्ध्या ताकदीवर राहिला, तर आणखी एक फायदा होतो. वेळ थोडी चुकलेली असली तरी फटी पूर्ण रिकाम्या होत नाहीत. सर्वांत वाईट ठिकाणीही सहाच डेसिबलची घट होते. शेवटी हेच मिश्रण एखाद्या छोट्या स्पीकरवर, मोनोमध्ये ऐकावं. तिथे बेसची ओळ गुणगुणता आली तर अँपच्या उपस्वरांनी आपलं काम केलंय.

दोन वाटा जोडल्या की कधीकधी हम्म असा सततचा गुंजारव सुरू होतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून तो गुंजारव ५० आणि १०० हर्ट्झवर, नेमका बेसच्या पट्ट्यात बसतो. अँप आणि मिक्सर वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ झालेले असतात आणि डीआयच्या वायरीने त्यांचं वर्तुळ पूर्ण होतं, हे त्याचं नेहमीचं कारण. डबीवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण हे वर्तुळ तोडतं. काही मंडळी त्याऐवजी अँपच्या प्लगची अर्थची पिनच काढून टाकतात. हे कधीही करू नये. अँपमध्ये बिघाड होऊन त्याच्या पत्र्यात वीज उतरली तर ती वादकाच्या हातातल्या तारांपर्यंत पोचते.

मंचावर हिशेब थोडा बदलतो. तिथे आवाज चालू क्षणाचा असतो, माईकचा आवाज अलीकडे ओढता येत नाही. म्हणून डिजिटल मिक्सरवर डीआयच्या चॅनललाच तेवढा डिले द्यायचा. माईक सात सेंटिमीटरवर असेल तर ०.२ मिलिसेकंद. मंचावर माईकमध्ये ड्रमचा आवाजही शिरतो, त्यामुळे तो कॅबिनेटला जवळजवळ चिकटलेला बरा. साउंड चेकला वेळच मिळाला नाही तर मी माईक बंद ठेवून नुसता डीआय वापरेन. न जुळलेल्या दोन आवाजांपेक्षा एक स्वच्छ आवाज मोठ्या मैदानात नक्कीच चांगला पोचतो. अनेक अँपच्या पाठीमागे स्वतःचा डीआय आउटपुट असतो. प्री आणि पोस्ट असं एक बटणही त्याच्याजवळ दिसतं. पोस्टवर ठेवल्यावर अँपचा टोन त्यात येतो, पण स्पीकर आणि हवा येत नाही, म्हणून त्याला माईकच्या आवाजाचा पर्याय समजू नये.

स्टुडिओत अँपचा आवाज कितीही मनासारखा लागला तरी शेजारी स्वच्छ डीआय रेकॉर्ड करून ठेवावा. पुढे अँपचा टोन गाण्याला जमत नाही असं लक्षात आलं तर तोच डीआय रीअँप डबीतून पुन्हा एखाद्या अँपला पाठवता येतो आणि वादकाला न बोलावता नवा आवाज माईकने पकडता येतो. त्या वेळी संदेश संगणकातून बाहेर जाऊन परत आत येतो आणि त्या फेरीत त्याला हवेतल्या प्रवासाशिवाय आणखी काही मिलिसेकंदांचा उशीर लागू शकतो. म्हणून नवा ट्रॅक हाती आला की पोलॅरिटी उलटी करून सर्वांत क्षीण बिंदू शोधायचं काम पुन्हा पहिल्यापासून करायचं.